साहेबांचाच आवाज, तरी आधी फोन ठेवायचा

(इयत्ता बारावी, वाणिज्य शाखा. बँक व्यवहार आणि कार्यालयीन कामकाज या घटकांना जोडून घेण्याचा पाठ. पालकांपैकी जे हिशेबाच्या किंवा बँकेच्या कामात आहेत त्यांनीही जरूर वाचावा.)



चेक कसा लिहायचा, व्हाउचर कसं भरायचं, आरटीजीएसचा अर्ज कसा असतो, हे सगळं आपण मुलांना शिकवतो. पण पैसे देण्याचा हुकूम खरा आहे की खोटा हे कसं तपासायचं, याचा धडा पुस्तकात नाही. पूर्वी त्याची फारशी गरजही नव्हती. सही ओळखता आली आणि साहेबांचा आवाज ओळखता आला की काम भागत होतं. आता आवाजाची नक्कल संगणक करतो, त्यामुळे आवाज ओळखता येणं हा पुरावा राहिलेला नाही. मग त्याच्या जागी काय ठेवायचं? आजचा पाठ एवढ्याच प्रश्नावर आहे. उत्तर एका ओळीचं आहे: फोन ठेवा, आणि आपल्याकडे आधीपासून नोंदवलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन लावा. याला कॉलबॅक म्हणतात. मात्र ही एक ओळ कार्यालयात रोज टिकेल अशी बसवायला बराच विचार लागतो.

आधी एक घडलेली गोष्ट. मुलांना यापासूनच सुरुवात करून द्यावी.

२०१९ ची ब्रिटनमधली घटना

ब्रिटनमधली एक ऊर्जा कंपनी. तिची मूळ कंपनी जर्मनीत. २०१९ साली ब्रिटिश कंपनीच्या प्रमुखाला फोन आला. पलीकडे जर्मनीतले त्याचे वरिष्ठ, म्हणजे मूळ कंपनीचे मुख्य अधिकारी बोलत होते. निदान त्याला तसं वाटलं. इंग्रजी बोलताना येणारी ती हलकीशी जर्मन ढब, बोलण्याची लय, सगळं ओळखीचं. सांगणं असं होतं की हंगेरीतल्या एका पुरवठादाराला २ लाख २० हजार युरो तातडीने पाठवा, तासाभरात जायला हवेत. त्याने पाठवले.

नंतर पुन्हा फोन. "मूळ कंपनीने तुमचे पैसे तुम्हाला परत पाठवले आहेत," असं सांगण्यात आलं. त्याच दिवशी तिसरा फोन आला आणि आणखी एक रक्कम पाठवायला सांगितली गेली. इथे मात्र त्या प्रमुखाला शंका आली. परत येणारे पैसे तर आलेलेच नव्हते, आणि हा फोन ऑस्ट्रियाच्या नंबरावरून होता. दुसरी रक्कम त्याने पाठवली नाही. पहिली मात्र हंगेरीच्या खात्यातून मेक्सिकोत आणि तिथून पुढे गेली होती. कंपनीचा विमा ज्यांच्याकडे होता त्या ऑयलर हर्मिस या विमा कंपनीने ही हकीकत कंपनीचं नाव न सांगता जाहीर केली, आणि आवाज संगणकाने बनवलेला होता असं त्यांच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं.

आता मुलांना विचारा, तिसऱ्या फोनला शंका का आली? बहुतेक मुलं म्हणतील, आवाजात काहीतरी गडबड जाणवली असेल. तसं नव्हतं. आवाज तिसऱ्या वेळीही तितकाच ओळखीचा होता. शंका आली ती आवाजाच्या बाहेरच्या दोन गोष्टींमुळे: खात्यात न आलेले पैसे आणि भलत्याच देशाचा नंबर. हा मुद्दा मुलांच्या मनात पक्का बसू द्यावा, कारण पुढची सगळी रचना त्यावर उभी आहे. कानाने पकडता येईल या भरवशावर राहायचं नाही.

कानाला हे का जमत नाही, तेही थोडक्यात सांगता येईल. जुन्या पद्धतीच्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. बाकीचे बारकावे वाटेतच गळतात. खऱ्या माणसाचा आवाजसुद्धा फोनवर थोडा सपाट, थोडा घोगरा लागतो आणि आपण ते चालवून घेतो. नकली आवाजातल्या उणिवा नेमक्या याच पडद्यामागे झाकल्या जातात. त्यात नमुना फार लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये जी पद्धत मांडली तिला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. स्नेहसंमेलनातलं संचालकांचं भाषण यूट्यूबवर असतं ते किती मिनिटांचं असतं, ते तुम्हीच आठवून पाहा.

फोन कुणी लावला?

कॉलबॅकचं सगळं बळ एका प्रश्नात आहे: बोलण्याचा मार्ग कुणी निवडला? आलेल्या फोनवर मार्ग समोरच्याने निवडलेला असतो. तुम्ही कितीही प्रश्न विचारा, तुम्ही त्याच्याच अंगणात उभे आहात. फोन ठेवून आपल्या वहीतला नंबर लावला की मार्ग आपण निवडतो. चोर संचालकांचा आवाज काढू शकतो, पण संचालकांच्या खिशातल्या फोनची घंटा वाजली की तो उचलणारे खरे संचालक असतात.

हा फरक कळायला हाँगकाँगचं प्रकरण फार उपयोगी आहे. २०२४ च्या सुरुवातीला ते उघड झालं. अरुप ही मोठी अभियांत्रिकी कंपनी. तिच्या तिथल्या एका कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराबद्दल संदेश आला. आधी त्याला संशय आला होता. मग त्याला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं. तिथे वरिष्ठ वित्त अधिकारी आणि इतर सहकारी दिसले, बोलले, आणि त्याचा संशय गेला. १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाच खात्यांत गेले. नंतर मुख्य कार्यालयाकडे विचारणा केल्यावर कळलं की मीटिंगमधली बाकीची माणसं नकली होती.

म्हणजे त्या कर्मचाऱ्याने खातरजमा केली नाही असं नाही. ती त्याने समोरच्याने दिलेल्या मार्गावर केली. समोरून आलेल्या मीटिंगच्या लिंकवर जाऊन चेहरे पाहणं हा कॉलबॅक नव्हे. ईमेलच्या खाली सहीत छापलेल्या नंबरावर फोन लावणं हाही कॉलबॅक नव्हे, आणि नव्या बिलावरच्या नंबरावर विचारणं तर मुळीच नव्हे. नंबर वहीतला हवा, आणि ती वही आजच्या मागणीच्या आधीपासून भरलेली हवी.

काही जण विचारतील, गुप्त प्रश्न किंवा परवलीचा शब्द का नको? जुलै २०२४ मध्ये फेरारीच्या एका अधिकाऱ्याला कंपनीप्रमुखांच्या आवाजात फोन आला तेव्हा त्याने हेच केलं. काही दिवसांपूर्वी प्रमुखांनी त्याला एक पुस्तक सुचवलं होतं. त्या पुस्तकाचं नाव काय, असं त्याने विचारलं आणि पलीकडून फोन बंद झाला. छान सुचलं त्याला. पण ते सुचणं त्या माणसाचं होतं, कंपनीच्या नियमात नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी दमलेल्या लेखापालांना ते सुचेलच असं नाही. शिवाय ठरलेला शब्द चार जणांना माहीत झाला की तो गुप्त राहत नाही, आणि वापरला नाही तर ऐन वेळी आठवत नाही. माझ्या मते परवलीचा शब्द जास्तीचं कुलूप म्हणून असू द्यावा, त्यावर दार टांगू नये.

नियम कधी लागू होतो

इथे बहुतेक कार्यालयं एक वाक्य लिहितात: "संशय आल्यास खात्री करून घ्यावी." हे वाक्य खोडून टाका. चांगली नक्कल असते तेव्हा संशय येतच नाही, म्हणजे जिथे नियमाची सर्वांत जास्त गरज तिथेच तो झोपलेला राहतो. कॉलबॅक संशयावर ठेवू नये, मागणीच्या रूपावर ठेवावा. म्हणजे त्यात कुणाचा अपमानही होत नाही. लेखापाल ताई "मला तुमच्यावर शंका आहे" असं म्हणत नसतात, "अशा मागणीला फोन लावायचाच असतो" एवढंच म्हणत असतात.

दोन शाळा चालवणारी एखादी शिक्षण संस्था डोळ्यांसमोर आणा. संचालक आहेत, कोषाध्यक्ष आहेत, कार्यालयात लेखापाल ताई आणि एक कारकून. अशा ठिकाणी तीन वेळा कॉलबॅक सक्तीचा करता येईल. पैसे नव्या खात्यात जाणार असतील किंवा जुन्या माणसाचं खातं बदललं असेल, तर रक्कम कितीही असो. मागणी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर आली असेल आणि नेहमीच्या सह्या झालेलं व्हाउचर सोबत नसेल, तर. आणि एका दिवसात एकाच माणसाला जाणारी एकूण रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर जात असेल, तर.

"एकूण" हा शब्द मुद्दाम आहे. मर्यादा ५० हजार असेल तर चोर ४९ हजारांच्या चार मागण्या करतो. मर्यादा कशी ठरवायची? मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट पुढ्यात घ्या आणि मोजा की हा नियम असता तर किती वेळा फोन करावा लागला असता. महिन्याला चाळीस येत असेल तर नियम दोन आठवड्यांत मरेल. लोक "हो हो, केला फोन" म्हणून मोकळे होतील. पाच-सहा येत असेल तर टिकेल. ही मोजणी मुलांकडून एखाद्या बनावट स्टेटमेंटवर करून घ्या, त्यांना आवडते.

घाई आणि गुप्तता या दोन गोष्टी मी मुद्दाम अटींत घातलेल्या नाहीत. त्यांचा उपयोग उलट बाजूने करायचा. "कुणाला सांगू नका", "मी मीटिंगमध्ये आहे, परत फोन करू नका" असं कुणी म्हटलं तरी नियमाला सूट मिळत नाही. ब्रिटनच्या गोष्टीतला एक तास आठवा. तो तास याचसाठी होता की मधल्या वेळात कुणी जर्मनीला फोन लावू नये.

वही

नंबरांची वही दिसायला साधी, पण चोराच्या दृष्टीने तिजोरीची किल्ली तीच. वहीत संचालक, कोषाध्यक्ष आणि नेहमीचे पुरवठादार यांचे नंबर असावेत. प्रत्यक्ष भेटून घेतलेले किंवा मूळ करारावरचे. प्रत्येकापुढे नंबर कधी घेतला आणि कुणी घेतला ते लिहावं.

वहीत बदल करण्याचा अधिकार पेमेंट करणाऱ्याच्या हातात एकट्याने नसावा. आणि नंबर बदलला असं कुणी कळवलं तर जुन्या नंबरावर फोन करून किंवा समोरासमोर भेटून ते पक्कं करावं. नंबर बदलला त्याच दिवशी त्या नव्या नंबराच्या आधारावर नवं पेमेंट करू नये. चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. "माझा नंबर बदललाय, सेव्ह करून घ्या" हा संदेश आणि दोन दिवसांनी पैशांची मागणी, ही जोडगोळी नवीन नाही.

संचालक परदेशात किंवा लांबच्या दौऱ्यावर जाणार असतील तर तिथे लागणारा नंबर निघण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावा. दौऱ्याची बातमी आणि फोटो आपण हौसेने फेसबुकवर टाकतो. चोरालाही तेव्हाच कळतं की साहेब जागेवर नाहीत.

एक शुक्रवार

आता एक प्रसंग शेवटपर्यंत चालवून बघू. हा बनवलेला आहे, वर्गात नाट्यरूपाने घेण्यासाठी.

शुक्रवार, संध्याकाळचे ४ वाजून ४० मिनिटं. लेखापाल ताईंना फोन येतो. संचालकांचा आवाज: "ताई, बसच्या कंत्राटदाराचे चार लाख ऐंशी हजार आजच जायला हवेत, नाहीतर सोमवारी बस बंद. त्याचं खातं बदललंय, नवीन नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. मी मीटिंगमध्ये आहे, परत फोन नका करू."

ताई म्हणतात, "बरं साहेब, नियमाप्रमाणे करते," आणि फोन ठेवतात. यापेक्षा जास्त बोलायचं नाही. कोणत्या नंबरावर फोन लावणार, कुणाला विचारणार, हे सांगायचं नाही.

खातं नवीन, मागणी तोंडी, रक्कम मर्यादेच्या वर. तिन्ही अटी लागू. ताई वही काढतात आणि नंबर पाहून बटणं दाबतात. मोबाइलमधल्या "अलीकडचे कॉल" या यादीतून लावत नाहीत, कारण त्या यादीत सर्वांत वर चोराचाच फोन बसलेला असू शकतो. फोन व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही, साधा करायचा. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असू शकतं. कार्यालयात जुना लँडलाइन असेल तर मोबाइलवर आलेल्या फोनची खात्री लँडलाइनवरून करणं जास्त बरं. ब्रिटनमध्ये लँडलाइनवर एक युक्ती चालायची. आपण फोन ठेवला तरी पलीकडच्याने ठेवला नाही तर लाइन काही वेळ जोडलेलीच राहायची, आणि माणूस नवीन नंबर फिरवतोय असं समजून त्याच चोराशी बोलत बसायचा. दुसऱ्या यंत्रावरून फोन करण्याची सवय तिथून आली.

संचालक फोन उचलत नाहीत. आता काय? नियमात हे आधीच लिहिलेलं हवं, नाहीतर ताई एकट्या पडतात. उत्तर असं: फोन लागला नाही म्हणजे पेमेंट नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा, मग कोषाध्यक्षांना. पण कोषाध्यक्षांना काय विचारायचं हे महत्त्वाचं आहे. "साहेब असं म्हणाले असतील का?" असं नाही. त्यांना ते माहीत नसतं, आणि विचारलं की माणूस भिडेखातर म्हणतो, "हो, म्हणाले असतील, देऊन टाका." विचारायचं ते असं: "या कंत्राटदाराचं हे बिल तुम्हाला स्वतःला माहीत आहे का? तुमच्या जबाबदारीवर मंजूर करता का?" माहीत असेल तर त्यांची मंजुरी, नसेल तर थांबणं.

५ वाजून २० मिनिटांनी ताईंच्या मोबाइलवर संचालकांचं नाव झळकतं. त्यांनी चुकलेला कॉल पाहिला आणि फोन केला. नियम बहुतेक वेळा याच क्षणी मोडतो. नाव दिसतंय, आवाज तोच, आणि आपण त्यांच्याच फोनची वाट पाहत होतो! पण हा पुन्हा आलेला फोन आहे, आपण लावलेला नव्हे. स्क्रीनवर कुणाचा नंबर दिसावा हे खोटं करता येतं. म्हणून ताई म्हणतात, "साहेब, मी लगेच लावते," आणि ठेवून वहीतला नंबर लावतात. वीस सेकंदांचं काम आहे.

या वेळी फोन लागतो. आता प्रश्न कसा विचारायचा? "साहेब, बसवाल्याला चार लाख ऐंशी हजार पाठवायला तुम्हीच सांगितलंत ना?" हा प्रश्न वाईट. घाईत असलेला माणूस अर्धवट ऐकून "हो हो" म्हणतो. उघडा प्रश्न विचारायचा: "साहेब, आज तुम्ही कोणतं पेमेंट करायला सांगितलं होतंत? कुणाला, किती?" माहिती त्यांच्याकडून यायला हवी, आणि ताईंच्या कागदाशी जुळायला हवी. रक्कम जुळली, नाव जुळलं, तर हो. "मी? मी कुठे काय सांगितलं?" असं उत्तर आलं तर तिथेच उलगडा झाला.

साहेब खरं बोलतात, तरीही पैसे चुकीच्या खात्यात

समजा संचालक म्हणाले, "हो, बसवाल्याचे चार लाख ऐंशी हजार, मीच सांगितलं." मग पेमेंट करायचं? अजून नाही. वर्गात मी इथे मुद्दाम थांबतो, कारण हुशार मुलंसुद्धा इथे "हो" म्हणतात.

संचालकांनी खरंच सांगितलं असेल. पण त्यांना नवीन खातं कुणी कळवलं? कंत्राटदाराच्या नावाने आलेल्या ईमेलने. तो ईमेल खोटा असेल तर साहेब प्रामाणिकपणे चोराचाच खाते क्रमांक पुढे देत आहेत. कॉलबॅक उत्तीर्ण झाला आणि पैसे गेले! म्हणून खातं बदललं असेल तर दुसरा फोन कंत्राटदाराला, जुन्या करारावरच्या नंबरावर. तोही उघडा प्रश्न: "तुमच्या खात्याचे शेवटचे चार आकडे सांगता का?" आपण आकडे वाचून दाखवायचे नाहीत.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि फोनही दोन. हुकूम खरा आहे का, हे संचालक सांगतील. खातं खरं आहे का, हे पैसे घेणारा सांगेल. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आणखी काही ठिकाणी हा उपाय कमी पडतो. संचालकांच्या नावाने चोराने नवं सिम काढलं असेल तर वहीतला नंबर लावला तरी फोन चोराकडेच जातो. त्यांच्या मोबाइलवर कॉल फॉरवर्डिंग कुणी फसवून चालू करून घेतलं असेल तरी तेच. एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे दूरसंचार विभागाने आकडे दाबून फॉरवर्डिंग लावण्याची सोय बंद करायला लावली ती याच प्रकारच्या फसवणुकीमुळे. संचालकांच्या फोनची रेंज अचानक आणि बराच वेळ गेली असेल तर ती खूण समजावी. फार मोठ्या रकमेला म्हणून एकच नंबर पुरेसा धरू नये. घरचा लँडलाइन, कार्यालयात प्रत्यक्ष भेट किंवा दुसऱ्या अधिकाऱ्याची स्वतंत्र मंजुरी यांपैकी एक जोडावं. आणि आतलाच माणूस सामील असेल तर कॉलबॅक काही करू शकत नाही. त्यासाठी हिशेब तपासनीस आहेत.

दोन माणसं, एक चिठ्ठी

नेट बँकिंगमध्ये एक जण पेमेंट भरतो आणि दुसरा मंजूर करतो. मेकर आणि चेकर. बऱ्याच ठिकाणी चेकर फक्त रक्कम बघून बटण दाबतो, कारण "ताईंनी विचारलं असेलच". मग दोन माणसं असून तपास एकच होतो. मोठ्या रकमेला फोन चेकरने करावा, किंवा निदान मेकरने केलेल्या फोनची चिठ्ठी पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.

चिठ्ठी छोटी असावी: तारीख, मागणी कशी आली, फोन कोणत्या नंबरावर लावला, किती वाजता, कोण बोललं, त्यांनी सांगितलेली रक्कम आणि नाव, फोन करणाऱ्याची सही. व्हाउचरला टाचणीने लावायची.

चिठ्ठ्या फोन न करताही भरल्या जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. ते ओळखायला महिन्याच्या शेवटी कोषाध्यक्षांनी कोणत्याही तीन चिठ्ठ्या उचलाव्यात आणि कार्यालयाच्या फोनच्या कॉल यादीशी वेळ ताडून बघावी. सगळ्या चिठ्ठ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसत असतील तर तीही खूण.

एक कागद मात्र संचालकांनी स्वतः सही करून द्यायचा असतो, आणि तो नसेल तर बाकीचं सगळं कोसळतं. त्यात एवढंच लिहायचं: कॉलबॅकमुळे पेमेंटला उशीर झाला तर कोणत्याही कर्मचाऱ्याला बोल लावला जाणार नाही, आणि हा नियम मलाही लागू आहे. आपल्या कार्यालयांत साहेबांचा फोन मध्येच ठेवायचा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चोर आवाजाबरोबर हा दराराही उसना घेतो. म्हणून वर्षातून दोनदा खऱ्या संचालकांनी स्वतः फोन करून घाईचं पेमेंट मागावं, आणि ताईंनी फोन ठेवून वहीतून लावला तर पुढच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर सांगावं.

पैसे गेलेच तर मिनिटं मोजायची. आधी बँकेला फोन, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर, आणि तक्रार `cybercrime.gov.in` वर. हाताशी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे गेलेलं खातं हवं. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतात. शुक्रवारी रात्री गेलेले पैसे सोमवारपर्यंत बँकेत अडकून राहतील, ही जुनी आशा ठेवू नये.

वर्गातला उपक्रम

तीन मुलं पुढे बोलवा: संचालक, लेखापाल, चोर. चोर आणि संचालक पाठमोरे बसतील, दोघांच्या हातात चिठ्ठी असेल आणि लेखापालाला कोण बोलतंय ते दिसणार नाही. पहिल्या फेरीत लेखापालाने प्रश्न विचारून ओळखायचं. दुसऱ्या फेरीत त्याने बोलणं थांबवून फळ्यावरच्या वहीतला नंबर मोठ्याने म्हणायचा आणि त्या नंबराच्या मुलाने उभं राहायचं. दोन्ही फेऱ्यांत किती वेळा फसगत झाली ते फळ्यावर लिहा.

तिसरी फेरी थोडी अवघड ठेवा. या वेळी फोन खऱ्या संचालकांचाच आहे, कामही खरोखर घाईचं आहे, आणि ते चिडले आहेत: "माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?" लेखापाल झालेल्या मुलाला किंवा मुलीला आदर ठेवून, आवाज न चढवता, फोन ठेवता येतो का ते बघा. कोणतं वाक्य बोलायचं हे त्यांनाच ठरवू द्या. मग प्रत्येकाने आपलं वाक्य वहीत लिहायचं आणि घरी आई-बाबांना वाचून दाखवायचं. तुमच्या वर्गातली चांगली वाक्यं मलाही कळवा.